टी-शर्टमधल्या फोटोला सूट: सांधा कुठे घ्यायचा

प्रश्न: दादा, माझा एकच फोटो बरा आहे. मित्राने मोबाइलवर खिडकीपाशी काढलेला. पण अंगात मरून रंगाचा गोल गळ्याचा टी-शर्ट आहे. मागच्या आठवड्यात तिरुपतीला केस दिले, त्यामुळे आता नवा फोटो काढता येत नाही. लिंक्डइनवर आणि बायोडेटावर लावायला सुटातला फोटो याच आठवड्यात हवाय. स्टुडिओत कोट लावून घेतला, तर मुंडकं चिकटवल्यासारखं दिसतंय. फोटोशॉपचं जुजबी काम मला येतं. टी-शर्टच्या जागी सूट कसा आणायचा, क्रमाने सांगाल का?

उत्तर:

तयार कोटाचा नाद सोडा. मित्राचा, भावाचा, कुणाचाही मापाला जवळपास बसणारा कोट मागून आणा, स्वतः अंगात घाला आणि त्याच खिडकीपाशी बसून आणखी एक फोटो काढून घ्या. केस नाहीत याची काळजी करू नका, त्या फोटोतून आपल्याला फक्त कोट आणि शर्ट उचलायचा आहे. चेहरा, केस आणि मागची भिंत जुन्या फोटोतलीच राहील.

रिटचिंगच्या कामात मला हाच मार्ग सगळ्यांत भरवशाचा वाटतो. स्टुडिओतल्या कोटाच्या फायली समोरून फ्लॅश टाकून काढलेल्या असतात. त्यांत दोन्ही खांदे सरळ असतात, दोन्हींवर सारखाच उजेड असतो आणि कॉलर अख्ख्या कड्यासारखी गोल असते. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या छापील फोटोत ते खपून जातं. तुमच्या फोटोत मात्र उजेड एका बाजूने आलाय आणि खांदे किंचित वळलेले आहेत. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड आणि छातीवर फ्लॅशचा, हे पाहणाऱ्याला शब्दांत सांगता येत नाही, पण खटकतं लगेच. त्यातून मान त्या कड्याच्या आत नीट बसत नाही, वरून ठेवल्यासारखी दिसते. तुम्हाला जे चिकटवल्यासारखं वाटतंय ते यामुळे.

दुसरा फोटो काढण्याआधी जुना फोटो नीट वाचून घ्या. कॉम्प्युटरवर डोळ्याची बाहुली मोठी करून पाहा. तिच्यात खिडकीचा पांढरा चौकोन चमकताना दिसेल. तो बाहुलीच्या डाव्या वरच्या बाजूला असेल, तर खिडकी कॅमेऱ्याच्या डावीकडे आणि तुमच्या डोळ्यांपेक्षा थोडी वर होती. मग नाकाची सावली पाहा, ती कुठल्या गालावर आणि किती लांब पडलीय. या दोन खुणा जुळल्या की उजेड जुळला. फोटोच्या माहितीत तो किती वाजता काढला तेही मिळतं. साधारण त्याच वेळेला बसा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ते सरकेपर्यंत थांबा.

मग कॅमेऱ्याची उंची. जुन्या फोटोत नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग स्पष्ट दिसत असेल तर मोबाइल खाली होता. कपाळ मोठं आणि मान आखूड दिसत असेल तर वर होता. बहुतेक बऱ्या फोटोंत तो डोळ्यांच्या रेषेत असतो. अंतर मित्रालाच विचारा, दीड ते दोन मीटर असेल तर उत्तम. आताही तितक्याच अंतरावरून, मागच्या कॅमेऱ्याने आणि जुन्या फोटोला वापरलेल्या लेन्सनेच काढायला सांगा. मोबाइल जवळ आणला की छाती फुगते आणि खांदे मागे पळतात. पुढे फोटोशॉपमध्ये माप लहानमोठं करता येतं, पण जवळून काढल्यामुळे आलेला तो आकार दुरुस्त होत नाही.

सेल्फी टाळा. काही मोबाइल सेल्फी आरशासारखी उलटी करून साठवतात आणि मग कोटही उलटा होतो. पुरुषांच्या कोटाची आणि शर्टाची डावी बाजू उजवीवर येते, छातीचा खिसा घालणाऱ्याच्या डावीकडे असतो, म्हणजे फोटोत आपल्याला उजवीकडे दिसतो. उलट्या फोटोत बटणपट्टी बायकांच्या शर्टासारखी होते. इंटरनेटवरून घेतलेला कोट उजेड जुळावा म्हणून आडवा उलटवला जातो तेव्हाही नेमका हाच घोळ होतो. कपड्यांची जाण असलेल्या माणसाला तो चटकन कळतो.

कोट निवडताना गडद निळा किंवा कोळशासारखा करडा घ्या, आणि साधा. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा नको. फोटो लहान केला की त्या रेघांतून लाटांसारख्या पट्ट्या उमटतात आणि त्या घालवणं फार किचकट होतं. शर्ट पांढरा किंवा फिकट निळा, इस्त्रीचा, आणि कॉलर मानेला व्यवस्थित बसणारी. टाय लावायचा की नाही ते तुमच्या क्षेत्रावर आहे. बँक, विमा, सल्लागार कंपनी असेल तर लावा. सॉफ्टवेअरमध्ये वरचं एक बटण उघडं ठेवलं तरी चालतं. मात्र टाय लावणार असाल तर आता फोटो काढतानाच लावा. नंतर वेगळा टाय चिकटवायचा म्हणजे आणखी एक सांधा वाढतो.

कोट मागून आणलेला असल्याने खांद्याला थोडा मोठा असणार. पाठीमागे दोनतीन कपड्यांचे चिमटे लावून तो ओढून घ्या, समोरून दिसत नाही. बसल्यावर कोट वर चढतो आणि मानेपाशी कॉलर सुटते. म्हणून कोटाचा मागचा घेर खाली ओढून त्यावरच बसा, म्हणजे कॉलर मानेला चिकटून राहते. कोटाच्या कॉलरच्या वर शर्टाची कॉलर साधारण बोटाच्या अर्ध्या जाडीइतकी दिसली पाहिजे.

मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो कॉलरच्या कडा आणि खांद्याच्या रेषा स्वतःच्या अंदाजाने धूसर करतो आणि आपल्याला नेमक्या त्याच रेषा धारदार हव्या असतात. स्क्रीनवर शर्टाला बोट लावून उजेड थोडा खाली आणा. कॉलरवरची शिलाई दिसत असेल तर उजेड बरोबर आहे. शिलाई पांढऱ्यात विरघळली असेल तर जास्त झाला, आणि तिथली माहिती नंतर कशानेही परत येत नाही. जुना फोटो समोर धरून मान आणि खांदे तसेच वळवा. दहाबारा फोटो काढून घ्या, प्रत्येक वेळी खांदा थोडासा कमीजास्त वळवून. त्यातला एखादा नक्की जुळतो. हे फोटो कॉम्प्युटरवर पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आक्रसून येतात. तुमचा जुना फोटो मित्राकडून व्हॉट्सअॅपवर आलेला असेल तर तोही मूळ आकारात पुन्हा मागवून घ्या.

आता फोटोशॉप. ते नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरा. त्यातले मेनू आणि कळा जवळपास सारख्याच आहेत, आणि फुकट आहे.

जुना फोटो उघडा आणि `Ctrl+J` दाबून त्याची एक प्रत करा, म्हणजे खालचं मूळ सुरक्षित राहील. मग `File > Place Embedded` ने कोटाचा फोटो वर आणा. असा आणलेला लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट असतो, कितीही वेळा लहानमोठा केला तरी फाटत नाही. त्याची `Opacity` ५० टक्के करा. आता एकावर एक दोन चेहरे दिसतील, एक केसांचा आणि एक बिनकेसांचा. तुमचाच चेहरा दोन्हीकडे असल्याचा फायदा इथे मिळतो.

`Ctrl+T` घ्या आणि वरच्या चेहऱ्याचे डोळे खालच्या डोळ्यांवर बसवा. समजा जुन्या फोटोत दोन बाहुल्यांमधलं अंतर ३०० पिक्सेल आहे आणि नव्यात ४२०, तर नवा फोटो सुमारे ७१ टक्क्यांवर आणायचा. डोळे बसले की हनुवटी पाहा, मग कानाच्या पाळ्या, मग कंठमणी. हे सगळं जुळलं की खांद्यांचं माप आपोआप बरोबर आलेलं असतं, वेगळा अंदाज बांधावा लागत नाही. दुसऱ्याच्या अंगातला कोट लावताना सगळ्यांत जास्त चूक या मापातच होते. खांदे मोठे होतात आणि डोकं लिंबाएवढं दिसतं. लक्षात ठेवा, माप कमी करावं लागलं तर ठीक. वाढवावं लागत असेल, म्हणजे नवा फोटो लहान आला असेल, तर कोट मऊ आणि चेहरा धारदार दिसेल. तसं झालं तर फोटो पुन्हा काढा.

डोळे जुळले पण हनुवटी बाजूला गेली, तर मान वेगळ्या कोनात होती असं समजा. दोनतीन अंशांचा फरक लेयर फिरवून निघतो, पण फिरवताना मधला बिंदू गळ्याच्या तळाच्या खाचेवर आणून ठेवा, म्हणजे मान जिथून वळते तिथूनच वळेल. फरक त्याहून मोठा असेल तर काढलेल्यांपैकी दुसरा फोटो घ्या. लेयर वाकडातिकडा ताणून बसवण्यात वेळ जातो आणि शेवटी खांदा विचित्रच दिसतो.

आता या कामातला मुख्य निर्णय येतो, सांधा कुठे घ्यायचा. माझं उत्तर आहे, शर्टाच्या कॉलरच्या काठावर. खऱ्या आयुष्यातही तिथे कातडी संपते आणि कापड सुरू होतं, त्यामुळे डोळ्याला तिथे काठ अपेक्षितच असतो. कातडीला कातडी जोडायला गेलात तर रंगातला जरासा फरकही उघडा पडतो. आणि केस कापून दुसरीकडे नेणं हे तर सगळ्यांत कष्टाचं काम, ते या पद्धतीत करावंच लागत नाही. तुमचा टी-शर्ट गोल गळ्याचा आहे, म्हणजे मान खालपर्यंत मोकळी दिसतेय. कॉलर त्याच्या बरीच वर येणार, त्यामुळे शर्टाचं वरचं बटण लावलेलं असेल तर कातडी कुठेही कमी पडणार नाही. हुडी किंवा उंच कॉलरचा शर्ट असता आणि नवा शर्ट वरचं बटण उघडं ठेवून घालायचा असता, तर न दिसणारी मान रंगवून काढावी लागली असती.

`Opacity` पुन्हा १०० करा. पेन टूलने कोटाच्या फोटोत कॉलरचा वरचा काठ, मग खांद्यांची बाहेरची रेघ आणि खाली फोटोची कड असा बंद मार्ग आखा. `Ctrl+Enter` दाबलं की तो निवडला जातो. त्यावर लेयर मास्क लावा. फक्त शर्ट आणि कोट उरेल, बाकी सगळा जुना फोटो खालून दिसू लागेल. पेन टूलचा कंटाळा करू नका. आपोआप निवडणारी साधनं खांद्यावर चालतात, पण पांढरी कॉलर आणि उजळ कातडी शेजारी आली की ती कॉलरचं टोक कुरतडतात. कॉलरचं टोक गोलसर झालं की फोटो गेला.

मानेच्या दोन्ही बाजूंना बारकाईने पाहा. तुम्ही किंचित वळून बसल्यामुळे लांबच्या बाजूला कॉलरचा आतला भाग थोडा दिसतो आणि तो मानेच्या मागे जातो. त्याच्या काठाशी एकदोन पिक्सेलांची फट राहिली तर तिथून मरून टी-शर्ट डोकावेल. `Edit > Transform > Warp` घेऊन तेवढीच कड मानेकडे हलकेच ढकला. एकदम सगळी कॉलर ओढू नका, तिची दोन्ही टोकं सारखी राहिली पाहिजेत.

कोटाचे खांदे टी-शर्टपेक्षा रुंद असल्यामुळे टी-शर्ट बहुधा पूर्ण झाकला जाईल. दंडाशी ढगळ बाही बाहेर आलीच, तर कोटाच्या खाली एक रिकामा लेयर घ्या आणि क्लोन स्टॅम्पच्या `Sample` मध्ये `Current & Below` निवडून शेजारची भिंत तिथे उतरवा. भिंतीवर उजेड एका बाजूला जास्त असतो, म्हणून नमुना अगदी जवळूनच घ्या.

इथपर्यंत आल्यावर फोटो जवळपास बरा दिसेल, पण अजून कॉलर मानेवर टेकलेली वाटणार नाही. कारण हनुवटीची सावली कॉलरवर आलीय, ती खरी आहे, नव्या फोटोतूनच आलीय. कॉलरची सावली मात्र मानेवर नाही. मान जुन्या फोटोतली आहे आणि तेव्हा तिथे कॉलर नव्हती. ती सावली रंगवावी लागते. कोटाच्या खाली आणि फोटोच्या वर नवा लेयर घ्या, त्याचा मोड `Multiply` करा. रंग काळा घेऊ नका. आयड्रॉपरने मानेवरच्याच गडद भागातला तपकिरी रंग उचला, कातडीवरची सावली कातडीच्याच रंगाची असते. मऊ ब्रशने कॉलरच्या काठालगत एक बारीक रेघ ओढा. कोट वर असल्याने ती अर्धी झाकली जाईल, तेच हवंय. मग `Gaussian Blur` चारपाच पिक्सेल, आणि `Opacity` ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास. खिडकीच्या बाजूला ती फिकट करा, लांबच्या बाजूला गडद राहू द्या. लेयर चालूबंद करून बघा. चालू असताना कॉलर मानेला टेकते, बंद केल्यावर तरंगते, एवढा फरक दिसला की पुरे. चालू असताना सावलीच वेगळी दिसत असेल तर ती जास्त झाली.

आणि आता मरून रंग. हे स्टुडिओत सहसा कुणी करत नाही, आणि तुमच्या फोटोत ते करायलाच हवं. टी-शर्टवर पडलेला उजेड उडून हनुवटीखाली आणि जबड्याच्या खालच्या कडेला जातो, जाताना टी-शर्टचा रंग घेऊन जातो. फोटो मोठा करून हनुवटीचा खालचा भाग आणि गाल शेजारी शेजारी पाहा, खाली लालसर झाक दिसेल. पांढऱ्या शर्टावर ती झाक असूच शकत नाही. उलट पांढरा शर्ट तिथे थोडा स्वच्छ उजेड फेकतो. नवा लेयर घ्या, मोड `Color`, गालाच्या सावलीतल्या बाजूचा रंग उचला आणि मऊ ब्रशने अगदी हलक्या हाताने हनुवटीखाली फिरवा. `Opacity` तिसाच्या पुढे सहसा न्यावी लागत नाही. मग एक `Curves` घेऊन मधला भाग जेमतेम वर उचला आणि मास्कने तो फक्त हनुवटीखालीच ठेवा. हे दिसायला क्षुल्लक काम आहे, पण चेहरा आणि शर्ट एकाच खोलीत असल्याचं त्यानेच पटतं. नव्या फोटोत तुमची स्वतःची हनुवटी पांढऱ्या शर्टावर कशी दिसते ते समोर आहेच, कोटाचा मास्क क्षणभर बंद करून तिच्याशी ताडून पाहा.

लाल झाक फारच गडद असेल तर मानसुद्धा नव्या फोटोतली घेऊन सांधा जबड्याच्या कडेवर घेता येतो. जबड्यालाही खरा काठ असतोच. पण मग कातडीचा रंग दोन्हीकडे तंतोतंत जुळवावा लागतो, दाढीची खुंटंही सारखीच हवीत. मी तो पर्याय शेवटी ठेवतो.

कोटाचा रंग आणि उजेड जुळवायला दोन टोकं पाहायची, सगळ्यांत काळं आणि सगळ्यांत पांढरं. `F8` दाबून `Info` पॅनेल उघडा. जुन्या फोटोत केसांतल्या सगळ्यांत गडद जागेवर कर्सर नेला आणि आकडे वीसबाविसाच्या आसपास आले, तर कोटाच्या घडीतला काळा त्याच्या खाली जाता कामा नये. कोट त्याहून काळा असला की भोक पडल्यासारखा दिसतो. शर्टाचा पांढरा २५५ ला भिडलेला नको, २३५ ते २४५ मध्ये ठेवा. त्यासाठी कोटावर `Curves` लावा आणि `Ctrl+Alt+G` ने तो फक्त कोटापुरता बांधा. पांढऱ्यात निळी किंवा पिवळी झाक असेल तर तसाच बांधलेला `Color Balance` वापरा. पण पांढरा अगदी शुद्ध करू नका. जुन्या फोटोतली भिंत किंवा डोळ्यांतला पांढरा भाग जितका पिवळसर असेल तितकाच शर्टही पिवळसर हवा.

दोन्ही फोटो एकाच मोबाइलचे असतील तर धार आणि दाणे बहुतेक जुळतात. नवा फोटो लहान केल्याने कोट चेहऱ्यापेक्षा कडक वाटला, तर त्यावर अर्ध्या पिक्सेलचा ब्लर द्या आणि `Filter > Noise > Add Noise` मध्ये एक टक्का, `Monochromatic` वर खूण करून. खांद्याच्या कडेला नव्या भिंतीची फिकट रेघ राहिली असेल तर मास्क एक पिक्सेल आत घ्या.

तपासायच्या तीन गोष्टी. सगळ्यांवर एक `Black & White` लेयर ठेवा. रंग गेले की उजेडातला फरक उघडा पडतो, चेहरा आणि कोट वेगळे वाटत असतील तर लगेच कळतं. मग `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` ने फोटो उलटा करून पाहा. तासभर तेच पाहून डोळा सरावलेला असतो, उलटा केला की वाकडी कॉलर आणि वरखाली खांदे पहिल्या नजरेत दिसतात. पाहून झालं की परत सुलटा करायला विसरू नका. शेवटी फोटो नखाएवढा लहान करून पाहा, कारण भरती करणाऱ्या माणसाला तो बहुतेक वेळा तेवढाच दिसणार आहे. लहान फोटोत कॉलरचे दोन त्रिकोण आणि कोटाचा गडद व्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. शर्ट आणि भिंत एकमेकांत मिसळत असतील तर भिंत किंचित गडद करा.

हे करता करता जबडा बारीक करणं, रंग उजळवणं असले मोह होतात. ते करू नका. कपडे बदलल्याने कुणाची फसवणूक होत नाही, पण मुलाखतीला आलेला माणूस आणि फोटोतला माणूस वेगळा वाटला तर सुरुवातच अवघडते. आणि हा फोटो पासपोर्टला, व्हिसाला किंवा सरकारी अर्जाला लावू नका. तिथे सॉफ्टवेअरने बदल केलेला फोटो नाकारला जाऊ शकतो, तिथे आहात तसे बसून नवा काढा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला कोट मिळतच नसेल आणि इंटरनेटवरचाच घ्यायचा असेल, तर माणसाच्या अंगातला कोट शोधा, नुसत्या पुतळ्यावरचा किंवा हँगरवरचा नको. वापरायची परवानगी असलेलाच घ्या. उजेड एकाच बाजूने आणि तुमच्या फोटोसारखाच असला पाहिजे. तिथे डोळे जुळवायची सोय नाही, म्हणून टी-शर्टची खांद्याची रेघ आणि गळ्याची खाच या दोन खुणांवर कोट बसवा. कोटाची खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाच्या जराशी बाहेर आली की माप बरोबर. हनुवटीची कॉलरवरची सावलीही मग रंगवावी लागेल, कारण तिथे दुसऱ्याच कुणाची हनुवटी होती. शर्टावरच्या त्या सावलीचा रंग तपकिरी नको, करडा घ्या. बंदगळ्याचा कोट चालत असेल तर तो जरूर विचारात घ्या. त्यात शर्ट नाही, टाय नाही, कॉलर उभी आणि बंद, त्यामुळे जुळवण्यासारखी जागाच कमी राहते.

मुलींनी केस मोकळे सोडलेला फोटो असेल तर काम वाढतं, कारण केसांच्या बटा कोटावर यायला हव्यात. टी-शर्ट फिकट रंगाचा असेल तर केसांचा भाग वेगळ्या लेयरवर घेऊन मोड `Multiply` केला की फिकट कापड बरंचसं विरघळतं आणि काळे केस कोटावर राहतात. टी-शर्ट गडद असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा केस मागे बांधलेला दुसरा एखादा फोटो शोधणंच बरं.

शेवटी फोटो चौकोनी कापा. लिंक्डइन तो गोल दाखवतं, चारही कोपरे जातात, म्हणून खांदे कोपऱ्यापर्यंत भरलेले नसले तरी चालतील, पण डोक्यावर थोडी जागा सोडा. हनुवटीपासून केसांपर्यंतची उंची चौकटीच्या निम्म्याहून थोडी जास्त ठेवा. तिथे कमीत कमी ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात. तुम्ही ८०० बाय ८०० ठेवा, म्हणजे बायोडेटाच्या छापील पानावरही तोच चालेल. `File > Export > Export As` मध्ये जेपीजी निवडा, `Convert to sRGB` वर खूण करा, नाहीतर दुसऱ्याच्या स्क्रीनवर चेहरा फिका दिसू शकतो. पीएसडी फाइल लेयरसकट जपून ठेवा. एखाद्या ठिकाणी बिनटायचा फोटो हवा झाला, तर कोटाच्या बाकीच्या फोटोंपैकी एक त्याच जागी बसवता येईल, फक्त त्या बैठकीत चारपाच फोटो टाय काढूनही काढून घ्या.